झडीच्या भिंतीला काय लावावं?

रत्नागिरीत वर्षाला साधारण ३३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुण्यात हाच आकडा सातशे-साडेसातशेच्या घरात आहे. तरीही कोकणात नवं घर बांधताना बाहेरच्या भिंतींचा नमुना अनेकदा पुण्या-मुंबईच्या बंगल्यांवरून किंवा फोनवरच्या फोटोंवरून ठरतो. कुणाला उघडी वीट आवडते, कुणाला दर्शनी भागावर दगडी फरशी. दोघांनाही आपण प्लास्टर आणि रंगाच्या कटकटीतून सुटणार असं वाटत असतं.

प्लास्टर, उघडी वीट आणि दगडी आवरण या तिन्हींत सर्वांत कमी देखभाल कशाला, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. एकाच घराच्या चार भिंतींना मिळणारा पाऊस सारखा नसतो. म्हणून एक घर समोर ठेवून बोलू. रत्नागिरी तालुक्यात सड्यावर तीस फूट बाय चाळीस फुटांचं दुमजली घर बांधायचं आहे. चाळीस फुटांची लांब बाजू पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून. मालकांची इच्छा अशी, की ही दर्शनी बाजू पूर्ण उघड्या विटेची असावी, आणि तिच्या एका टोकाला असलेल्या आठ फूट रुंद, पंचवीस फूट उंच जिन्याच्या मनोऱ्यावर काळा दगड लावावा. मनोऱ्याला छप्पर नाही, सपाट गच्ची आणि कठडा आहे.

पाऊस तिरका येतो

भिंतीला पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याची झड अधिक छळते. मध्यम आकाराचा, सुमारे दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं खाली येतो. वारा ताशी अठरा किलोमीटर असेल, तर तोच थेंब सेकंदाला पाच मीटर आडवाही सरकतो. म्हणजे छपराची वळचण भिंतीपासून एक फूट बाहेर असेल, तर तिच्याखालची साधारण एक फूट चार इंच भिंत कोरडी राहील. तीन फुटांची वळचण चार फूट भिंत राखते. वारा दुप्पट झाला की हेच संरक्षण दोन फुटांवर येतं, आणि पावसाळ्यात सड्यावर तसा वारा ही रोजची गोष्ट आहे. भिंतीजवळ वारा वळतो, त्यामुळे हे गणित तंतोतंत नसतं, पण निर्णय घ्यायला पुरेसं आहे.

आपल्या घराची पश्चिमेची भिंत दोन मजले मिळून वीस फूट उंच आहे. वर तीन फुटांची वळचण ठेवली, तरी खालची सोळा ते अठरा फूट भिंत चार महिने भिजणार. पण तळमजल्याला आठ फूट खोल पडवी काढली, तर ताशी अठरा किलोमीटरच्या वाऱ्यात ती तिच्यामागची दहा फुटांची भिंत जवळजवळ पूर्ण झाकते. कोकणातली जुनी घरं चहूबाजूंनी पडवीत का गुंडाळलेली असत आणि पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांचे झाप का बांधले जात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

भिंत भिजणं हा तसा अर्धाच प्रश्न. ती वाळते कधी, हा उरलेला अर्धा. देशावर दोन दिवस पाऊस, चार दिवस उघडीप असं चालतं, आणि त्या उघडिपीत भिंत श्वास टाकते. कोकणात जूनच्या मध्यापासून हवाच ओलीगच्च असते. एकदा आत शिरलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत मुक्कामाला राहतं. त्यामुळे इथे पाणी शिरू न देणारा आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडू देणारा पृष्ठभाग लागतो. तिन्ही पर्याय या कसोटीवर लावून पाहू.

प्लास्टर: दिसणारी देखभाल

प्लास्टरला नावं ठेवणं सोपं आहे. दर चार-पाच वर्षांनी रंग, मध्येच शेवाळ, कुठे पोपडे. पण त्याचा एक मोठा गुण असा, की त्याचं दुखणं बाहेरून दिसतं आणि दिसलेल्या जागीच दुरुस्त करता येतं. भिंतीवर अखंड थर असल्यामुळे पाण्याला शिरायला भेगेशिवाय वाट नसते. म्हणजे प्लास्टरची लढाई ही भेगांशी आहे.

भेगा वाचायला शिकलं, तर बरंचसं कळतं. पूर्ण पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर मालात सिमेंट जास्त पडलं होतं किंवा प्लास्टर उन्हात फार लवकर वाळलं. आडवी, सरळ रेषेतली भेग असेल, तर ती बहुधा काँक्रीटचा बीम आणि खालचं बांधकाम यांच्या सांध्यावर आहे. दोन्ही पदार्थ तापमानानुसार कमी-अधिक हलतात आणि प्लास्टर तिथे फाटतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही चौकटीभोवतीच्या ताणाची खूण.

यातल्या बहुतेक भेगा आधीच टाळता येतात. “पाऊस जास्त आहे, सिमेंट वाढवा” हा आपल्याकडचा आवडता सल्ला, आणि तो उलटा पडतो. सिमेंट जितकं जास्त, तितकं प्लास्टर सुकताना अधिक आकसतं. चिऱ्याच्या किंवा विटेच्या तुलनेनं मऊ भिंतीवर एकास तीनचा कडक थर चढवला, की तो तडकतो. भेगेतून पाणी मागे जातं आणि त्याच कडक थरामुळे परत येऊ शकत नाही. अशा भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे मिश्रण अधिक मानवतं. चुन्यामुळे माल लवचीक राहतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू शकते.

काम दोन हातांत करायचं. आधी सांध्यांतला माल सेंटीमीटरभर खरवडून घ्यायचा, बीमच्या सांध्यावर फूटभर रुंदीची कोंबडीजाळी ठोकायची, भिंत भिजवायची. पहिला हात बारा ते पंधरा मिलिमीटर. तो ओला असतानाच त्यावर रेघा ओढायच्या, पाणी मारायचं आणि मग त्याला सुकून आकसू द्यायचं. त्याच्या भेगा काय पडायच्या त्या पडून गेल्या, की दुसरा हात पाच ते आठ मिलिमीटर. सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा हात मारून मोकळं होणाऱ्या ठेकेदाराला इथेच थांबवावं लागतं. नंतर किमान सात दिवस पाणी, आणि रंगापूर्वी महिनाभर सुकण्याची मुदत. जूनच्या आत रंग पुरा व्हायचा असेल, तर पश्चिमेचं प्लास्टर फेब्रुवारीत संपलेलं बरं. कडक उन्हाळ्यात ते करणं म्हणजे भेगांना आमंत्रण.

वाळूचीही चौकशी करावी. खाडीची वाळू नीट न धुता वापरली, तर तिच्यातलं मीठ दर पावसाळ्यानंतर भिंतीवर पांढरं फुलतं आणि आतल्या लोखंडाला गंजवतं. रंग बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्यावा. भेगा झाकणारे रबरासारखे जाड रंग मिळतात. ते बारीक भेगा खरंच झाकतात, पण वरच्या कठड्यातून पाणी भिंतीत उतरत असेल, तर त्या रंगाचे फुगे येतात. फुगा फोडल्यावर आतून पाणी निघालं, तर रंग बदलून उपयोग नाही. दोष वर शोधायचा.

झडीच्या भिंतीवर खरबरीत टेक्स्चर मात्र नको. खड्ड्याखड्ड्यांत पाणी आणि धूळ थांबते, आणि दोन पावसाळ्यांत भिंत हिरवी, मग काळी होते.

उघडी वीट: दोन हजार फूट सांधे

उघड्या विटेला रंग लागत नाही, म्हणून ती बिनखर्चाची समजली जाते. तिच्या बाजूनं लॉरी बेकर यांच्या कामाचा दाखलाही हमखास दिला जातो. बेकर यांनी केरळात, विशेषतः तिरुवनंतपुरममध्ये, उघड्या विटेची सुंदर आणि स्वस्त घरं बांधली. तिथलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचं गाजलेलं काम. पण तिरुवनंतपुरमचा वार्षिक पाऊस साधारण १८०० मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीच्या निम्म्याहून थोडा जास्त. शिवाय भिंतीला पावसापासून राखणारी बाहेर आलेली छपरं हा बेकर यांच्या विचाराचाच भाग होता. फोटोतली वीट उचलायची आणि छप्पर विसरायचं, असं केलं की फसगत होते.

विटेच्या भिंतीत पाणी शिरतं ते मुख्यतः वीट आणि माल जिथे एकमेकांना चिकटतात, त्या केसाएवढ्या फटीतून. अशा फटी किती असतील? मालासह नऊ इंच बाय तीन इंच दिसणारी वीट धरली, तर एका चौरस फुटात उभ्या-आडव्या मिळून सव्वापाच फुटांहून जास्त लांबीच्या दरजा येतात. चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीत ही लांबी एकवीसशे फुटांवर जाते, आणि प्रत्येक दरजेला दोन कडा. आपल्या मालकांना पश्चिमेचे दोन्ही मजले विटेचे हवे आहेत. म्हणजे चार हजार फुटांहून अधिक दरजा. गवंड्याचा हात त्यात कुठेही ढिला पडला, तर झडीला वाट मिळते.

म्हणून विटेच्या भिंतीत दरज कशी भरली, याला सर्वांत महत्त्व आहे. सावली पडून छान दिसावी म्हणून दरज आत खोल ठेवण्याची फॅशन आहे. तशा प्रत्येक दरजेत खालच्या विटेचा कठडा तयार होतो आणि त्यावर पाणी थांबतं. जोरदार पावसाच्या भागात दरज लोखंडी सळईनं दाबून किंचित गोलाकार करावी. दाबल्यानं माल घट्ट बसतो, दोन्ही कडांना चिकटतो आणि पाणी ओघळून जातं.

विटेची परीक्षा घरीही करता येते. नेहमीच्या बांधकामाच्या विटेनं चोवीस तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, अशी भारतीय मानकाची अट आहे. अधिक मजबूत वर्गांसाठी ती १५ टक्के आहे. तीन किलोची कोरडी वीट दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलावी. ती ३ किलो ४५० ग्रॅम भरली, तर तिनं १५ टक्के पाणी प्यायलं. उघड्या भिंतीसाठी याहून जास्त पिणारी वीट घेऊ नये. ट्रकमधून वेगवेगळ्या थरांतल्या पाच-सहा विटा काढून तोलाव्यात, कारण भट्टीत सगळ्या सारख्या भाजल्या जात नाहीत.

पहिल्या पावसाळ्यानंतर विटेवर पांढरी पूड फुलते. तिला घाबरून अ‍ॅसिडनं भिंत धुणारे बरेच आहेत. अ‍ॅसिड दरजेतलं सिमेंट खातं आणि पुढच्या वर्षी तिथूनच पाणी आत येतं. कोरड्या कडक ब्रशनं पूड झाडावी. दोन-तीन वर्षांत ती थांबली, तर विटेतले क्षार संपले. दरवर्षी त्याच जागी येत राहिली, तर तिथून पाण्याची ये-जा चालू आहे असं समजावं.

विटेवर चकचकीत वॉर्निश लावू नये. त्याची पापडी होते आणि ओल आत कोंडली जाते. विटेत मुरणारं, न दिसणारं सिलेन-सिलॉक्सेन जातीचं द्रावण मिळतं. ते पाणी झटकतं आणि वाफेला वाट ठेवतं. पण काही वर्षांनी ते पुन्हा द्यावं लागतं, आणि उघडलेली दरज ते बुजवत नाही. म्हणजे दुमजली पश्चिम भिंतीला परांची आलीच. रंगाचा खर्च वाचला असं म्हणता येत नाही.

दगड: मागे काय चाललंय?

काळा दगड स्वतः अत्यंत टिकाऊ. पाणी जवळपास पीत नाही, रंग मागत नाही. राजस्थानकडचे वालुकाश्म मात्र पाणी पितात आणि झडीत काळे पडतात. पण दगडी आवरणाची अडचण दगडात क्वचितच असते. ती दगडामागे असते.

आपल्याकडे बहुधा दगडाच्या पाठीला मालाचे चार-पाच गोळे लावून तो भिंतीवर दाबला जातो. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते. सांध्यातून गेलेलं पाणी त्या पोकळीत उतरतं, साठतं, आणि दगड घट्ट असल्यामुळे वाळत नाही. मग ते भिंतीतून घरात येतं. अशी गळती शोधणं फार अवघड, कारण पाणी शिरलं एकीकडे आणि दिसलं तिसरीकडे. बाहेरून एकच खूण मिळते: सांध्याखाली उतरलेले पांढरे ओघळ. मागच्या मालातला चुना पाण्यात विरघळून बाहेर येतो, त्याचे ते ओघळ.

दुसरा प्रश्न वजनाचा. इंचभर जाडीचा काळा दगड चौरस फुटाला साधारण साडेसहा किलो भरतो. मनोऱ्याची एक बाजू दोनशे चौरस फूट, म्हणजे तेराशे किलो दगड पंचवीस फुटांपर्यंत नुसत्या मालावर लटकवायचा. काळ्या दगडाची कापलेली पाठ गुळगुळीत असते आणि साधा सिमेंटचा माल तिला नीट धरत नाही. उंचीवर दगड लावायचाच असेल, तर तो स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पनं धरावा आणि मागे हवेसाठी फट ठेवून आत आलेलं पाणी तळाशी बाहेर काढावं. मागची भिंत आधीच प्लास्टर करून जलरोधक केलेली हवी. ही पद्धत चांगली आहे, पण तिन्हींत सर्वांत महाग.

आधीच लावलेला दगड तपासायचा असेल, तर लाकडी मुठीनं ठोकत जावं. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बोदा. डोक्यावरच्या उंचीला बोदा आवाज आला, तर रांग उतरवून पुन्हा लावणं भाग आहे.

दगडाला शोभणारी जागा म्हणजे जोतं आणि त्यावरचे दोन-अडीच फूट. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून तांबड्या मातीचे शिंतोडे एवढ्या उंचीपर्यंत उडतात. तिथे प्लास्टर दर वर्षी खराब होतं, विटेच्या दरजा मळतात. दगड नुसता धुतला की स्वच्छ. उंची कमी असल्यानं पडण्याची भीती नाही, आणि पाठीमागे पूर्ण माल भरून बसवणं सोपं.

त्या घराचं काय ठरवायचं?

पश्चिमेच्या तळमजल्याला आठ फुटांची पडवी काढायची. तिच्यामागची भिंत झडीतून सुटली, म्हणजे मालकांची हौसेची वीट तिथे लावता येते. घरात येणाऱ्याला दिसते तीच, आणि दरजा तपासायला साधी शिडी पुरते. वरच्या मजल्याला प्लास्टर आणि गुळगुळीत रंग. तिथे खिडक्यांवर किमान दोन फुटांचे छज्जे हवेत आणि त्यांच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येतं. खिडकीची खालची पट्टी बाहेर उतरती आणि भिंतीच्या दोन इंच पुढे. पूर्वेला वळचणीखाली वीट चालेल. उत्तरेला ऊन कमी, शेवाळ जास्त, तिथेही प्लास्टर. घराभोवती अडीच फूट दगड आणि पागोळीखाली गटार.

राहिला मनोरा. वळचण नसलेली, सर्वांत उंच आणि सर्वांत उघडी भिंत हीच, आणि तिच्यावरच सर्वांत जड आवरण लावायचा बेत होता. दगडाचा तो खर्च वळवून मनोऱ्यावर तीन फूट बाहेर येणारं उतरतं छप्पर घालावं आणि भिंतीला प्लास्टर करावं. कठडा ठेवायचाच असेल, तर त्याचा माथा आतल्या बाजूला उतरता हवा आणि दोन्ही अंगांनी दोन इंच बाहेर हवा. एरवी माथ्यावरून झिरपलेलं पाणी खाली कोणतंही आवरण असलं तरी त्याच्या मागे जातं.

एवढं केल्यावर देखभाल काय उरली? वरच्या मजल्याची आणि मनोऱ्याची परांची, चार-पाच वर्षांतून एकदा. उरलेलं काम दर ऑक्टोबरमध्ये, भिंती वाळू लागल्या की करायचं: घराला एक फेरी मारून नव्या भेगा, पांढरे ओघळ आणि ओले राहिलेले डाग खडूनं खुणावायचे आणि डिसेंबरच्या आत बुजवायचे. मेमध्ये ही फेरी मारली, तर सगळ्या भिंती कोरड्या असतात आणि त्या काहीच सांगत नाहीत.